इन, ऑन, ॲट आणि रोजची दहा वाक्यं

मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी हात अजून लाल पेनाकडेच जातो. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कुणी चुकीचं इंग्रजी लावलं, की मी जाता-येता ते दुरुस्त करते. सेक्रेटरींनी एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं, "अहो, नोटिशीवर हे कोण खरडतं?" मी म्हटलं, "ज्याला येतं तो." त्यानंतर कुणी विचारलं नाही. हे सगळं मी कौतुकाने सांगायची. आता तसं सांगवत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

आमची सोसायटी सिंहगड रोडला. तिथे गेटवर गेल्या वर्षी एक सिक्युरिटीवाली आली. वय तिशीच्या आसपास, बुलढाण्याकडची, बारावी शिकलेली. बारा तासांची ड्यूटी, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी. सात वर्षांची मुलगी गावाकडे आजीजवळ. मी भाजी घेऊन येताना ती एकदा माझ्या हातातली पिशवी घेऊन लिफ्टपर्यंत आली आणि तिथे थांबून म्हणाली, "मॅडम, तुम्ही इंग्रजीच्या टीचर होत्या ना? मले शिकवसान का?"

खराडीला एका मोठ्या इमारतीत, खाली भेटायला येणाऱ्यांची नोंद करायच्या डेस्कवर बायका घेत होते. खुर्ची होती, आठ तास होते आणि मुख्य म्हणजे फक्त दिवसपाळी. दिवसपाळी मिळाली तर तिला मुलीला पुण्यात आणता येणार होतं. रात्री मुलीला एकटीला खोलीत ठेवून गेटवर कसं उभं राहणार, एवढंच तिचं गणित होतं. डेस्कवर छोटी छोटी वाक्यं बोलावी आणि लिहावी लागत. साहेब चौथ्या मजल्यावर आहेत, मीटिंग तीन वाजता आहे, पार्सल टेबलावर ठेवलंय, असली. तिचे शब्द बरे होते. क्रियापदंही जमायची. अडायचं ते इन, ऑन आणि ॲटपाशी. तिथे ती नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखं करायची.

यात तिची चूक नव्हती. आपल्या भाषेचाच तो गुण आहे. आपण म्हणतो सकाळी, सोमवारी, रात्री. तिन्हीकडे शेवटी तीच 'ई'. इंग्रजी मात्र तिघींना तीन वेगळ्या दारांनी आत घेतं: इन द मॉर्निंग, ऑन मंडे, ॲट नाइट. जागेचंही तसंच. आपण गेटवर उभे राहतो, स्टेशनवर उतरतो, म्हणून मराठी माणूस बिनधास्त 'ऑन द गेट' म्हणतो. ते ऐकून इंग्रजाला कुणीतरी फाटकावर चढून बसलंय असं वाटेल. माझ्या सगळ्या वर्गांनी ही चूक केली आणि सगळ्या वर्गांना मी फाटकावर चढवून हसवलं. तिलाही सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मंग मी कुठे उभी आहे म्हणायचं?" मी म्हटलं, "ॲट. ॲट द गेट." तिने वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुपारी दोन ते तीन ती माझ्याकडे यायची, दिवसपाळीत जेवणाच्या सुट्टीत आणि रात्रपाळीत झोपेतून उठून. पहिल्या महिन्यात मी तिला माझ्या ठरलेल्या पद्धतीने शिकवलं: मोठा काळ असेल तर इन, दिवस किंवा तारीख असेल तर ऑन, घड्याळातली वेळ असेल तर ॲट. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी 'ऑन जुलै' लिहून आणायची. मग एक दिवस तिने गेटवरचं नोंदींचं रजिस्टर काखेत मारून आणलं. माझ्या टेबलावर ते उघडलं आणि म्हणाली, "मॅडम, हे असं आहे का बघा. पूर्ण रजिस्टर म्हंजे महिना. ते इन. एक पान म्हंजे एक दिवस. ते ऑन. अन् पानावरची एक ओळ, जिथं मी टाइम टाकते, ते ॲट."

मी बघतच राहिले. पस्तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. रजिस्टरमध्ये, पानावर, ओळीपाशी. वर्ष आणि ऋतू तर रजिस्टरांचं कपाटच, तिथेही इन. आणि 'सोमवारी सकाळी' म्हटलं की सकाळीसुद्धा पानावर जाते, दिवस नाव घेऊन आला की त्याचंच चालतं, ऑन मंडे मॉर्निंग. तेही तिला त्यातून कळलं. फक्त एका ठिकाणी तिचं गाडं अडलं. "मॅडम, रात्र एका ओळीत कशी मावंल? माझी रात्र तर दोन पानं भरते. तरी ॲट नाइट काहून?" मी म्हटलं, "ती त्यांची रीत आहे. रीतीला काहून विचारायचं नाही." तिचाच शब्द मी तिला परत दिला, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी हसली. त्या दिवसापासून मी तिला तुम्ही म्हणायचं सोडून तू म्हणायला लागले. माझ्याकडे ती बढती समजली जाते.

जागेसाठीही आम्ही खुणा ठरवल्या. भिंती असल्या की इन, खाली आधार असला की ऑन, नकाशावर नुसतं बोट ठेवायचं असलं की ॲट. बसमध्ये उभं राहता येतं, चालता येतं, म्हणून ऑन द बस. रिक्षात अंग चोरून बसावं लागतं, म्हणून इन द रिक्षा. स्वारगेटला ती बस बदलायची, तिथे नुसतं बोट ठेवायचं, म्हणून ॲट स्वारगेट. आणि नेक्स्ट थर्सडे, लास्ट वीक असलं काही आलं, की तिघांनाही सुट्टी, काहीच लावायचं नाही. हे शेवटचं तिला फार आवडलं. "आपल्यालेच सुट्टी नसते," म्हणाली.

मग मी माझी शाळेतली जुनी शिस्त काढली. तिने रोज दुपारी बाराच्या आत फोनवर दहा इंग्रजी वाक्यं पाठवायची. पुस्तकातली नाहीत, स्वतःच्या दिवसातली. मी ती दुरुस्त करून परत पाठवायची. आणि मला जे काही कळवायचं ते इंग्रजीतूनच कळवायचं. मराठीत मेसेज आला तर मी उत्तर देणार नाही. हा नियम मी शाळेतही चालवला होता. मुलं पाण्याला जायचं असलं तरी वाक्य जुळवत उभी राहायची. शिस्त लागते, असं मी तेव्हा म्हणायची. एका आईने येऊन तक्रार केली होती तर तिलाही मी हेच सांगितलं होतं.

तिने एकदाच तो नियम मोडला. "मॅडम आज येत नाही, बरं नाही," असं मराठीत पाठवलं. मी उत्तर दिलं नाही. अर्ध्या तासाने तेच इंग्रजीत आलं, 'टुडे'च्या आधी 'ऑन' लावून. मी ते 'ऑन' काढून परत पाठवलं. बस. काय होतंय, डॉक्टरकडे गेलीस का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे कळायलाही मला पुढे दोन महिने लागले.

वाक्यं सुधारत गेली. आधी दहात सात चुकायची, मग चार, मग दोन. मी सकाळची पूजा उरकून चहा घेऊन बसले की फोनकडे डोळे लावायची. बाराच्या आत टुण्‌कन वाजायचं. माझी नजर वाक्यातून कशी जायची ते आता आठवलं तर अंगावर काटा येतो. कर्ता सोडायची, क्रियापद सोडायची, नेमकी त्या तीन शब्दांपाशी थांबायची. चूक की बरोबर, पुढे. तांदळातले खडे निवडताना तांदूळ दिसत नाहीत, तसं. दहा वाक्यं मी दीड मिनिटात संपवायची आणि त्याचा मला अभिमान होता.

ऑक्टोबरमध्ये मी तिला नवा पाठ दिला. म्हटलं, आता होऊन गेलेलं नको, पुढचं लिही. खराडीला मुलाखतीला जाते आहेस असं समज आणि त्याचीच दहा वाक्यं रोज पाठव. त्याप्रमाणे तिने चार-पाच दिवस कल्पनेतली वाक्यं पाठवली. आय विल गो इन अ टॅक्सी. आय विल मीट द मॅनेजर ॲट फोर. टॅक्सीचं वाचून मला हसू आलं होतं. पुढच्या आठवड्यात तिची रात्रपाळी लागली, त्यात माझ्याकडे नणंद राहायला आली, म्हणून मीच म्हटलं, चार दिवस वर येऊ नकोस, नुसती वाक्यं पाठव.

मंगळवारी साडेअकराला वाक्यं आली. ती मी इतक्यांदा वाचली आहेत की मला पाठ झाली आहेत. गुरुवारी सकाळी मी खराडीला जाईन, ऑन थर्सडे मॉर्निंग. मी स्वारगेटला बस बदलेन, ॲट स्वारगेट. ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे, ऑन द फोर्थ फ्लोअर. माझी टेस्ट दहा वाजता आहे. तुमचं नाव फॉर्मवर आहे, ऑन द फॉर्म. ते तुम्हाला अकरा वाजता फोन करतील, ॲट इलेव्हन. मी त्यांच्या केबिनमध्ये असेन, इन द केबिन. प्लीज घरी राहा, ॲट होम. मी संध्याकाळी तुमच्याकडे येईन, इन द इव्हनिंग. माझी मुलगी नोव्हेंबरमध्ये येईल, इन नोव्हेंबर.

दहाच्या दहा बरोबर. पहिल्यांदाच. 'ऑन थर्सडे मॉर्निंग' तर तिने असं सहज लिहिलं होतं की मला भरून आलं. तिथे माझे दहावीत पहिले येणारे विद्यार्थीही गडगडलेले मी पाहिले आहेत. मी नणंदेला फोन दाखवला. "बघा, तीन महिन्यांत. गेटवरची वॉचमन बाई आहे." नणंद म्हणाली, "तू शिकवलंस म्हणजे काय." मी वाक्यांना उत्तर पाठवलं: ऑल टेन करेक्ट. व्हेरी गुड. तिचा लगेच मेसेज आला, थँक यू मॅडम, आणि पुढे हात जोडलेले. एवढे हात कशासाठी जोडतेय, असं मला क्षणभर वाटलं आणि मी फोन खाली ठेवला.

गुरुवारी पाणी बंद होतं. खडकवासल्याकडून येणाऱ्या लाइनचं काही काम असलं की आमच्याकडे गुरुवार कोरडा जातो, शुक्रवारीही पाणी कमी दाबाने येतं. सोसायटीने टँकर सांगितला होता आणि तो आमच्या इमारतीला न देता मागच्या इमारतीची टाकी भरत होता. मी खाली उतरून टँकरवाल्याशी आणि सेक्रेटरींशी एकाच वेळी भांडत होते. हातातला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मी अनोळखी नंबर उचलत नाही. लोन हवंय का आणि कार्ड हवंय का, याशिवाय तिकडून काही निघत नाही. मी तो कट केला. दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. "काय लाज आहे की नाही या लोकांना," असं मी सेक्रेटरींनाच ऐकवलं आणि पुन्हा कट केला. नंतर वाजला नाही. टँकर शेवटी आमच्याकडे वळला, तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ते मला पक्कं माहीत आहे, कारण सेक्रेटरींना मी घड्याळ दाखवलं होतं.

त्या संध्याकाळी ती आली नाही. शुक्रवारी वाक्यं आली नाहीत. मला राग आला. जरा शाबासकी दिली की हे असं होतं, शाळेतही हेच, असं मी नणंदेला म्हणाले. रात्रपाळीवाली सहा वाजता गेटवर येते हे माहीत होतं, म्हणून मी फिरायला निघण्याच्या निमित्ताने खाली गेले. ती उभी होती. टोपी हातात होती. मी म्हटलं, "काय गं, आजची वाक्यं कुठे आहेत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मॅडम, ते वाक्य चुकलं होतं का?"

"कुठलं?"

"ते तुमाले फोन करतील म्हणून लिवलं होतं ते. मले वाटलं सगळे बरोबर होते. तुम्ही व्हेरी गुड टाकलं होतं."

मी फोन काढला. मेसेज सापडायला वेळ लागला. ती शेजारी येऊन उभी राहिली. मंगळवारची दहा वाक्यं मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. म्हणजे खरोखर वाचली. ते तुम्हाला अकरा वाजता फोन करतील. प्लीज घरी राहा.

"बरोबर होतं," मी म्हटलं. "एकही चूक नव्हती."

"मंग काहून नाही उचलला?"

मी कल्पनेतली वाक्यं समजले, असं सांगितलं असतं तर ते खोटं नव्हतं. पण त्यात तिला काय मिळणार होतं? तिनेच हळूहळू सगळं सांगितलं. टेस्ट चांगली झाली होती. ज्या बाई मुलाखत घेत होत्या त्यांनी तिला चार वाक्यं लिहायला लावली, तीही जमली. मग त्या म्हणाल्या, पुण्यात तुला ओळखणारं कोण आहे, आम्ही एकदा बोलून घेतो. सुपरवायझरचं नाव ती देऊ शकत नव्हती, त्याला कळलं असतं तर आहे ती नोकरीही गेली असती. एक माझंच नाव होतं. बाईंनी तिच्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. तो कट झाला. ती म्हणाली, मॅडम घरीच आहेत, त्यांनी हो म्हटलं आहे, पुन्हा लावा. पुन्हा कट झाला. त्या बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला.

"त्या मले म्हणे, तुझी मॅडम तर तुले ओळखत नाही वाटते."

मी विचारलं, "मग तू मला तिथून फोन का नाही केलास?"

"फोन बाहेर जमा करून घेतला होता. अन् नंतर..." तिने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "नंतर मले वाटलं, माझंच इंग्रजी कुठेतरी चुकलं असंल. तुम्ही चुकल्यावर उत्तर देत नाही ना."

मी तिथे गेटपाशी उभ्या उभ्या तो कट केलेला नंबर लावला. बाई ऑफिसात होत्या. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे, मुलगी अतिशय चांगली आहे, मी निवृत्त शिक्षिका आहे, तुम्ही म्हणाल तिथे येऊन सांगते. त्या गोड आवाजात म्हणाल्या, सॉरी मॅडम, वुई क्लोज्ड इट इन थर्सडे ओन्ली. जागा भरली होती. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीसुद्धा माझ्या कानाने ते 'इन थर्सडे' टिपलं. ही चूक करणारी बाई खुर्चीत बसली होती आणि एकही चूक न करणारी माझ्या शेजारी टोपी घेऊन उभी होती. मी फोन ठेवला. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. तुमची काय चुकी." हे ती मनापासून म्हणाली, असं मला अजून वाटतं, आणि म्हणूनच ते सहन होत नाही.

रविवारी दुपारी नणंद गेल्यावर मी फोन घेऊन बसले आणि जुलैपासूनचे सगळे मेसेज वाचायला घेतले. रोजची दहा, अशी तीन महिन्यांची वाक्यं. पाणी प्यायला उठले नाही. तिने माझं ऐकलं होतं. स्वतःच्या दिवसातलं लिही म्हटलं होतं, तर तिने तेच लिहिलं होतं, रोज, सगळं. कुणाला सांगायला दुसरं माणूस नसेल तर ती तरी काय करणार? आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर होतं.

माझा नवरा सुरतला आहे, दोन वर्षांत फोन नाही. तिने लिहिलं होतं 'ऑन सुरत'. मी लिहिलं होतं: इन सुरत.

मी दुपारी जेवत नाही, रात्री जेवते. तिने लिहिलं होतं 'इन नाइट'. मी लिहिलं होतं: ॲट नाइट. इन द आफ्टरनून बरोबर आहे, गुड.

पार्किंगमध्ये एक साहेब माझ्याशी वाईट बोलतात. 'ॲट' होतं, मी 'इन' केलं. कोण साहेब, हे मी आजही सांगू शकत नाही. ते लिफ्टमध्ये मला नमस्कार करत असतील आणि मी त्यांना उलट करत असेन.

मग ऑगस्टमधली एक तारीख. माझी मुलगी ऑन बेड आहे. ताप आहे इन नाइट. ती फोनवर रडते. मी गेटवर रडते. हे शेवटचं तिने बरोबर लिहिलं होतं, ॲट द गेट. मी पहिल्यात 'इन बेड' केलं, दुसऱ्यात 'ॲट नाइट' केलं, आणि शेवटच्या वाक्याला लिहिलं: एक्सलंट. त्याखाली तिचं उत्तर होतं, थँक यू मॅडम. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा वाक्यं. त्यांतही ताप होता. तिसऱ्या दिवशीही होता. चौथ्या दिवसापासून तापाचा विषय नाही, टँकरचा आहे, पार्सलचा आहे. काय झालं असेल, मुलगी बरी झाली की तिने सांगायचंच सोडून दिलं, हे त्या वाक्यांवरून कळत नव्हतं.

माझ्याकडून पस्तीस वर्षांत किती मुलं गेली असतील? त्यांच्या वह्यांत काय काय लिहिलेलं असेल, ज्याच्यावर मी लाल रेघ ओढून पुढे गेले? ती मोजदाद मी करू शकत नाही, त्या वह्या आता कुठेच नाहीत. पण ही एक वही माझ्या हातात होती, आणि जिने ती लिहिली ती सहा मजले खाली गेटवर होती. तिची पाळी त्या दिवसापासून बदलून दिवसाची झाली होती. पुढच्या महिन्यापासून तिला दुसऱ्या साइटवर, औंधकडे पाठवणार होते. सुपरवायझरला खराडीचं कळलंच होतं.

मी खाली गेले. ती रजिस्टरमध्ये कुणाच्या तरी गाडीचा नंबर लिहीत होती. मला पाहून उठली आणि सवयीने इंग्रजीत म्हणाली, "गुड आफ्टरनून, मॅडम."

मी मराठीत विचारलं, "अगं, तुझ्या मुलीचा ताप उतरला का?"

तिला समजलं नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिचा आवाज एकदम खाली आला.

"तो तर श्रावणातला होता, मॅडम," ती म्हणाली. "तुमाले आज दिसला का?"